पुळणीवरचं पळणं आणि वहीतली नाडी

रायगडच्या किनाऱ्यावर पहाटे पळणाऱ्यांत पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली हमखास दिसतात. किहीमला सुरूच्या बनापुढची लांब, सपाट पुळण त्यांना फुकटात मिळालेलं मैदान आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना ५० पैकी २० गुण एकट्या १६०० मीटर धावण्याचे असतात, आणि ते सगळे हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत पोहोचावं लागतं. मुलींना ८०० मीटर असतं. एका सेकंदाने यादीत वर-खाली होतं, म्हणून सराव वाढवायची घाई सगळ्यांनाच असते. आठवडाभर वाळूत पळायचं आणि रविवारी मापगावला जाऊन कनकेश्वरच्या पायऱ्या मारायच्या, असा बेत आखला की सोमवार-मंगळवारी मांड्या भरून येतात. मग दोन प्रश्न पडतात. हे दुखणं चांगलं की वाईट? आणि आज पळायचं की नाही?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात शोधायची सवय आपल्याकडे जुनी आहे. ‘दुखतंय म्हणजे लागू पडतंय’ असं मैदानावर सर्रास ऐकू येतं. शरीरशास्त्र मात्र सांगतं की सराव जास्त होतोय की बेताचा, हे ठरवायला स्नायूंचं दुखणं हा सगळ्यात कच्चा पुरावा आहे. त्याहून पक्का पुरावा नाडीत, झोपेत आणि घड्याळातल्या वेळेत असतो. तोही एकेकटा वाचला तर फसवतो.

आधी कनकेश्वर घेऊ. डोंगरावर जायला आंग्रेकाळातल्या सातशेहून अधिक दगडी पायऱ्या आहेत. चढताना छाती भात्यासारखी चालते, घाम निथळतो, आणि पोरांना वाटतं की खरी मेहनत ही. उतरताना दम लागत नाही म्हणून सगळे उड्या मारत येतात. मांड्या दुखतात त्या याच उतरणीमुळे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच जोर लावून गुडघा सावरत असतो, ब्रेक लावत असतो. ताणलं जाणं आणि जोर लावणं एकाच वेळी झालं की स्नायूतंतूंच्या आतली बारीक रचना जागोजागी विस्कटते. त्यानंतरच्या तासांत तिथे सूज येते, दुरुस्तीला पेशी येतात, मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणं त्याच दिवशी येत नाही. ते साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिपेला पोहोचतं आणि पाच-सात दिवसांत पूर्ण जातं. डॉक्टर याला उशिरा येणारी स्नायूदुखी म्हणतात. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच असं मांडलं होतं की हे उशिराचं दुखणं थकव्याचं नसून स्नायूच्या आतल्या बारीक फाटण्याचं आहे.

तरीही ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय, थोडं पळ म्हणजे निघून जाईल’ हा सल्ला आजही दिला जातो. तो चुकीचा आहे. व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट साधारण तासाभरात रक्तातून पुन्हा मूळ पातळीवर येतं, तर दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं. १९८३ साली श्वेन आणि सहकाऱ्यांनी याची सरळ परीक्षा घेतली. त्यांनी काही जणांना सपाट पट्ट्यावर आणि काहींना दहा टक्के उतारावर ४५ मिनिटं पळवलं. सपाटीवर पळालेल्यांचं लॅक्टेट चढलं, पण त्यांना दुखलं नाही. उतारावर पळालेल्यांचं लॅक्टेट फारसं हललंही नाही, आणि पाय त्यांचेच दुखले. कनकेश्वरचं उत्तर या प्रयोगात आहे.

या दुखण्यातली एक गोष्ट सरावाच्या दृष्टीने मोलाची आहे. एकदा उतरणीने स्नायू दुखला की तो पुढच्या वेळेसाठी तयार होतो. दोन-तीन आठवड्यांनी तेवढ्याच पायऱ्या उतरल्या तर दुखणं बरंच कमी होतं, आणि हे संरक्षण कित्येक आठवडे टिकतं. म्हणजे पहिल्याच रविवारी संपूर्ण कनकेश्वर उड्या मारत उतरायची गरज नसते. पहिल्या खेपेला चढून जावं, अर्ध्या पायऱ्या सावकाश चालत उतराव्यात, पुढच्या खेपेला थोडं वाढवावं. दुखणं कमी आणि फायदा जवळपास तोच.

दुखत असताना काय करावं? हलकं चालणं, सायकल, पाण्यात पोहणं यांनी तात्पुरतं बरं वाटतं. मालिशनेही थोडा आराम पडतो. पळण्याआधी-नंतर ताण देण्याचे व्यायाम केले तर दुखणं टळतं, असा समज आहे. प्रयोगांची एकत्र छाननी केल्यावर त्याचा फरक नगण्य निघाला. ते करायला हरकत नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नये. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायलाच हवी. दुखऱ्या स्नायूची ताकद दुखण्याच्या आधीच, म्हणजे उतरून आल्या क्षणापासून, कमी झालेली असते आणि ती भरून यायला काही दिवस जातात. अशा पायांनी मंगळवारी जीव तोडून १०० मीटर मारले तर पायाची ठेवण चुकते आणि गुडघा किंवा मांडीचा मागचा भाग दुखावतो.

मेडिकलमधून वेदनाशामक गोळी घेऊन पळायला जाणं हा याहून गंभीर प्रकार आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा कमी करतात. घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असताना हा परिणाम जास्त घातक ठरतो. गोळीने दुखणं झाकलं जातं, इजा झाकली जात नाही.

आता पुळणीकडे येऊ. वाळूत पाय रुततो, ढकललेला जोर वाळू सरकवण्यात जातो. बेल्जियममधल्या लज्यून, विलेम्स आणि हेग्लंड यांनी १९९८ साली मोजलं, तेव्हा वाळूत पळायला कडक जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट ऊर्जा लागते असं दिसलं. चालायला तर २.१ ते २.७ पट. दुसरीकडे, वाळू धक्के झेलते, त्यामुळे उड्यांचा सराव वाळूत केला तर स्नायूंना होणारी इजा आणि दुखणं कमी राहतं, असंही प्रयोगांत आढळलं आहे. याचा अर्थ किहीमला पळणाऱ्याच्या मांड्या कमी तक्रार करतात आणि हृदय जास्त राबतं. ‘माझं काही दुखत नाही’ म्हणून रोज पळणारा मुलगा आतून किती थकला आहे हे पायांवरून कळणारच नाही. ते नाडीवरून कळू शकतं.

मेहनत थांबली की पहिल्या मिनिटात नाडी किती ठोक्यांनी उतरते, हे मोजणं सोपं आहे. पळताना हृदयाला वेग देणाऱ्या मज्जातंतूंचा जोर असतो. थांबल्याबरोबर हृदयाला लगाम घालणारी व्हेगस नावाची नस पुन्हा काम सुरू करते, आणि पहिल्या मिनिटातली उतरण मुख्यतः तिची असते. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९९ साली २,४२८ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ट्रेडमिल चाचणीनंतर सावकाश चालत असताना ज्यांची नाडी पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरली, त्यांच्यात पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे जास्त निघालं. पण ते लोक हृदयविकाराच्या तपासणीला आलेले होते. विशीतल्या धावपटूला तो आकडा लावता येत नाही. चांगल्या सरावातल्या तरुणांची नाडी पहिल्या मिनिटात तीस-चाळीस ठोके सहज उतरते. म्हणून त्याने स्वतःची तुलना स्वतःशीच करायची.

तुलना खरी व्हायची तर मोजण्याची रीत दर वेळी तीच हवी. इथे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना एक अडचण येते. समुद्राच्या भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सोमवारी पहाटे ओहोटी असेल तर ओली, घट्ट वाळू मिळते. आठवडाभराने त्याच वेळी पाणी वरपर्यंत आलेलं असतं आणि पळणाऱ्याला भुसभुशीत वाळूत जावं लागतं. वेग तोच ठेवला तरी नाडी वेगळी येते आणि मुलाला वाटतं की आपली तब्येत बिघडली. यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा, पर्यटकांच्या गाड्या नसलेल्या दिवशी, सकाळी डांबरी रस्त्याच्या ठरावीक सपाट पट्ट्यावर चाचणी घ्यावी. बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने सहा मिनिटं पळावं. ठरलेल्या खुणेपासून ठरलेल्या खुणेपर्यंत तेवढ्याच वेळात जावं, म्हणजे मेहनत दर आठवड्याला सारखी राहते. थांबल्याबरोबर उभ्यानेच मनगटावर पंधरा सेकंद नाडी मोजून चारने गुणावं. तसंच उभं राहून, एक मिनिट झालं की पुन्हा पंधरा सेकंद मोजावं. बसलं किंवा आडवं झालं तर नाडी लवकर उतरते, म्हणून स्थिती बदलू नये. गळ्यावरची नाडी दाबून मोजू नये, कारण तिथे दाब पडला की हृदयाचा वेगच कमी होतो आणि आकडा खोटा येतो. मनगटी घड्याळातली नाडी वेग झपाट्याने बदलताना मागे पडते, तेव्हा बोटांनी मोजलेली बरी. एक ठोका चुकला तर चारचा फरक पडतो हे ध्यानात ठेवून तीन-चार ठोक्यांच्या फरकाला फार महत्त्व देऊ नये.

समजा, एक वीस वर्षांचा मुलगा आहे. सुरुवातीला १६०० मीटरला त्याला ५ मिनिटं ३५ सेकंद लागतात. जीव तोडून पळाल्यावर नाडी १८८ होते, मिनिटाने १५० राहते, म्हणजे उतरण ३८. तो दीड महिना आठवड्याचे सहा दिवस पळतो, रविवारी कनकेश्वर करतो, आणि शनिवार-रविवारी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात रात्री उशिरापर्यंत काम करतो. झोप पाच तास. सहाव्या आठवड्यात १६०० मीटरला ५ मिनिटं ५० सेकंद लागतात. नाडी १७४ च्या वर जात नाही, आणि मिनिटाने ती १३० वर येते. उतरण ४४ झाली, म्हणून तो खूश होतो.

त्याने खूश होऊ नये. २०१५ साली ऑब्री आणि सहकाऱ्यांनी सहनशक्तीच्या खेळाडूंवर नेमकी हीच गोष्ट पाहिली. सरावाचा बोजा मुद्दाम वाढवल्यावर ज्यांची कामगिरी घसरली, त्यांची नाडी थांबल्यावर आधीपेक्षा जलद उतरू लागली होती. थकलेलं शरीर हृदयाला पुरेसं वर न्यायलाच तयार नसतं, त्यामुळे शिखर खाली येतं आणि उतरण मोठी दिसते. सरावाने तब्येत सुधारली तरी उतरण वाढते, आणि अतिश्रमाने बिघडली तरीही वाढू शकते. या दोन्हींतला फरक सांगतो तो घड्याळातला वेळ. वेळ सुधारला आणि उतरण वाढली तर प्रगती. वेळ खालावला, सगळ्यात वरची नाडी खाली आली आणि उतरण वाढली तर शरीराने ब्रेक लावला आहे. या मुलाच्या बाबतीत १५ सेकंदांची घसरण हा खरा आकडा आहे, ४४ नव्हे.

अतिसरावाची व्याख्याही याच घसरणीवर उभी आहे. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या क्रीडाविज्ञानाच्या दोन मोठ्या संस्थांनी २०१३ साली संयुक्त निवेदन काढलं. त्यानुसार थोडा बोजा वाढवून कामगिरी काही दिवस घसरली आणि विश्रांतीनंतर पूर्वीपेक्षा सुधारली, तर तो सरावाचा योग्य भाग आहे. घसरण कित्येक आठवडे राहिली तर बोजा नुकसानीच्या हद्दीत गेला. ती महिनोन् महिने टिकली आणि सोबत झोप, मनःस्थिती, हार्मोन यांचं तंत्र बिघडलं, तर त्याला अतिसरावाचा विकार म्हणायचं. म्हणजे तीन पायऱ्यांतली आपण नेमकी कोणत्या पायरीवर आहोत हे विश्रांती घेतल्यावरच कळतं. रक्ताची एखादी चाचणी करून ‘अतिसराव आहे’ असा शिक्का मारता येत नाही. हार्मोनच्या महागड्या तपासण्यांचं पॅकेज कोणी सुचवलं तर पैसे वाचवावेत.

मग त्याने करायचं काय? सात ते दहा दिवस १६०० मीटरची वेळ लावायचीच नाही. पहिले तीन दिवस पूर्ण विश्रांती, त्यानंतर निम्म्या अंतराचं हलकं पळणं, कनकेश्वर बंद. झोप आठ तासांच्या जवळ न्यायची, आणि हॉटेलची रात्रपाळी असलेल्या दुसऱ्या दिवशी पळायचं नाही. जेवण वाढवायचं. भात, भाकरी, डाळ, मासे, अंडी जे घरात असेल ते, पण पळून आल्यावर तासाभरात. दहा दिवसांनी वेळ ५ मिनिटं ३५ सेकंदांच्या आसपास किंवा खाली आली तर काळजीचं कारण नाही. आठवड्यातून पळण्याचे दिवस पाच ठेवून पुढे जायचं. तीन आठवड्यांनीही वेळ जिथल्या तिथेच असेल, तर डॉक्टरकडे जायचं.

या काळात सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच मोजलेली नाडीही वहीत लिहावी. ती काही दिवस सलग नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त राहिली तर विचार करावा. पण जुन्या, खोल थकव्यात ती वाढतच नाही, कधी उलट कमी होते, त्यामुळे तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नये. त्याहून उपयोगी असतात घरच्यांना दिसणाऱ्या गोष्टी. पळायला जायचं नाव काढलं की चिडचिड, थकून आडवं झाल्यावरही झोप न लागणं, जेवणावरची वासना जाणं, वरचेवर सर्दी-घसा. आईच्या हे आधी लक्षात येतं आणि सराव घेणाऱ्या सरांच्या नंतर. सरांनी आईला विचारायला कमीपणा मानू नये.

कामगिरी घसरली म्हणजे अतिसरावच असेल असं नाही, आणि इथे डॉक्टरचं काम सुरू होतं. ८०० मीटरची तयारी करणाऱ्या मुलींमध्ये पहिली तपासणी हिमोग्लोबिन आणि फेरिटिनची. शरीरातला लोहाचा साठा संपला की हिमोग्लोबिन ठीक असतानाही दम लवकर लागू शकतो. वजन उतरवण्यासाठी जेवण तोडलेल्या मुलीची पाळी सलग तीन महिने आली नाही, तर ती सरावाची खूण समजून दुर्लक्ष करू नये. शरीराला पुरेसं अन्न मिळत नसल्याचं ते लक्षण आहे आणि पुढे हाडं त्याची किंमत मोजतात. ताप येऊन गेला असेल तर पूर्ण बरं वाटेपर्यंत वेगाने पळू नये, कारण विषाणूच्या तापानंतर क्वचित हृदयाच्या स्नायूलाच सूज आलेली असते. पळताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडायला झालं, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर ईसीजी आणि तपासणीआधी मैदानात उतरू नये.

कोकणातल्या पावसाळ्यासाठी एक वेगळी सूचना आहे. जुलै ते सप्टेंबरमध्ये पोरं शेताच्या चिखलातून, साचलेल्या पाण्यातून अनवाणी जातात आणि लेप्टोस्पायरोसिस याच काळात जोर धरतो. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून तो त्वचेवरच्या बारीक जखमांवाटे शरीरात शिरतो. त्याची ठळक खूण म्हणजे पोटऱ्या इतक्या ठणकतात की हात लावू देत नाहीत. वाळूत पळणाऱ्याच्याही पोटऱ्याच भरतात, त्यामुळे घोटाळा सहज होतो. फरक असा की सरावाच्या दुखण्यात ताप नसतो. पोटऱ्या दुखताहेत आणि ताप, डोकेदुखी किंवा डोळे लाल आहेत, तर ते पळण्यामुळे झालं असं समजून घरी थांबू नये. सुरुवातीच्या दिवसांत औषध मिळालं तर हा आजार बहुतेक वेळा आटोक्यात येतो. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि फुप्फुसांपर्यंत जातो.

शेवटची खूण लघवीच्या रंगाची. सवय नसताना शेकडो उठाबशा काढल्या, किंवा उन्हात सगळ्या पायऱ्या उतरल्या, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत पाय सुजून कडक झाले, लघवी काळ्या चहाच्या रंगाची आली, तर स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून त्यातलं मायोग्लोबिन मूत्रपिंडात उतरू लागलं आहे. अशा वेळी वेदनाशामक गोळी अजिबात घेऊ नये, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. त्याच दिवशी अलिबागचं जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठावं, आणि डॉक्टरांना कोणता व्यायाम, किती, कधी केला हे आपणहून सांगावं.